नफ्याच्या वरची ओळ

मैत्रिणींनो, व्हिडिओकॉनचा टीव्ही आठवतो ना? परभणीत तो कित्येक घरांत होता. आपल्याच मराठवाड्यातली कंपनी, पैठण रस्त्यावर चितेगावला मोठा कारखाना. ‘आपल्या भागातली आहे, नाव मोठं आहे’ म्हणून शेअर घेणारे आपल्याकडेही असणारच. जून २०१८ मध्ये ही कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. गटातल्या तेरा कंपन्यांवर सुमारे ६४,८३८ कोटींचे दावे मान्य झाले, आणि २०२१ मध्ये जी खरेदी योजना मंजूर झाली ती जेमतेम २,९६२ कोटींची! बँकांनाच रुपयामागे पाच पैसेसुद्धा मिळणार नव्हते, मग शेअरवाल्यांना कुठून? त्यांच्या वाट्याला शून्य. पुढे २०२२ मध्ये ही योजना अपिलात रद्द झाली, पण बाजारातला शेअर त्याआधीच बंद झाला होता.

कारण साधं आहे. कंपनी बुडाली की आधी देणेकरी, शेअरधारक सगळ्यात शेवटी. म्हणून शेअर घेण्याआधी कर्ज बघायचं. ‘एवढी हजार कोटींची कंपनी, मला काय कळणार?’ असं म्हणू नका. बचत गटात एखादी कर्ज मागायला आली की आपण काय विचारतो? महिन्याला सुटतात किती, आणि आधीच्या कर्जाचं व्याज किती जातं? इथेही तेच विचारायचं.

मुंबई शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर प्रत्येक नोंदणीकृत कंपनीचे तिमाही निकाल फुकट मिळतात. बहुतेक जणी विक्री बघतात आणि थेट खाली निव्वळ नफ्यावर उडी मारतात. मधे ‘फायनान्स कॉस्ट’ अशी एक ओळ असते. हे कंपनीने भरायचं व्याज. बोट तिथे ठेवा.

समजा, एका कंपनीची वर्षाची विक्री १,००० कोटी. करपूर्व नफा ४० कोटी, व्याज ८० कोटी. दोन्हींची बेरीज १२०. म्हणजे व्याज द्यायच्या आधी कंपनीच्या हातात १२० कोटी होते. त्याला ८० ने भागलं की दीड येतं. व्याजाच्या दीडपट कमाई. ऐकायला बरं वाटतं, पण आता वर ‘इतर उत्पन्न’ बघा. त्यात ३० कोटी जमीन विकून आलेले निघाले, तर धंद्यातून खरे आले ९०च. दरवर्षी जमीन कुठून विकणार? आता कच्चा माल थोडा महागला आणि खर्च विक्रीच्या फक्त दोन टक्क्यांनी, म्हणजे २० कोटींनी वाढला, की उरतात ७०. व्याज मात्र ८०! तेव्हा व्याज भरायलाच नवं कर्ज काढावं लागतं. माझ्या हिशेबी हा आकडा तीनच्या खाली असेल तर हात आखडावा. एका वर्षावर जाऊ नका, चार-पाच वर्षांचे आकडे शेजारी मांडा. विक्री वाढतेय आणि व्याज त्याहून जोरात वाढतंय, हे तिथेच दिसतं.

मग ताळेबंद उघडा. कर्ज दोन जागी असतं, दीर्घ मुदतीचं आणि अल्प मुदतीचं. दोन्ही मिळवा, आणि भागभांडवल अधिक राखीव निधी, म्हणजे मालकांच्या स्वतःच्या पैशाशी ताडून पाहा. वर्षभरात फेडायचे हप्ते आता अल्प मुदतीतच धरतात, त्यामुळे तो आकडा एकदम फुगला तर रोख शिल्लक किती आहे तेही बघायचं.

निकाल दोन प्रकारचे असतात, एकट्या कंपनीचा आणि उपकंपन्यांसह एकत्रित. नेहमी एकत्रित घ्या. सासूच्या नावावर कर्ज नाही, पण सुनेच्या नावावर डोंगर, असं कंपन्यांतही असतं. व्हिडिओकॉन गटातल्या कंपन्या एकमेकींच्या कर्जात सहकर्जदार होत्या. व्यवहार इतके गुंतलेले, की २०१९ मध्ये न्यायाधिकरणाने तेरा जणींची प्रकरणं एकत्र केली. भावाबहिणीच्या कंपनीला दिलेली हमी पुष्कळदा ताळेबंदाच्या आकड्यांत नसतेच. ती वार्षिक अहवालाच्या टिपांमध्ये ‘संभाव्य देणी’ या मथळ्याखाली बारीक अक्षरात असते. चष्मा लावून वाचा.

हे गणित बँका आणि फायनान्स कंपन्यांना मात्र लावू नका. पैसे उसने घेऊन पुढे देणं हाच त्यांचा धंदा, त्यांचं माप वेगळं.

आणि तिमाही निकालात ताळेबंद दर वेळी नसतो, तो सहा महिन्यांनी येतो. व्याजाची ओळ मात्र दर तिमाहीला असते. मे २०१७ मध्ये व्हिडिओकॉनचं कर्ज थकल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा शेअर रोज खालच्या सर्किटला अडकू लागला. म्हणजे विकायला काढला तरी घ्यायला कुणी नाही.