एका दिवसाचा शब्द

इंग्रजी-मराठी शब्दकोशात ‘इफेमरल’ या शब्दापुढे ‘अल्पजीवी’, ‘क्षणभंगुर’ असे अर्थ सापडतात. मूळ ग्रीक शब्द मात्र क्षणाशी नाही, दिवसाशी जोडलेला आहे. ‘एपि’ म्हणजे वर आणि ‘हेमेरा’ म्हणजे दिवस. या दोहोंतून ‘एफेमेरोस’ हे विशेषण तयार झालं.

ॲरिस्टॉटलने हिपानिस नदीवरच्या एका पंखवाल्या कीटकाची नोंद याच नावाने केली. उन्हाळ्यात तो कोशातून बाहेर येतो, दिवसभर उडतो आणि सूर्य मावळताना मरतो, असं त्याने लिहिलं आहे. आजच्या कीटकशास्त्रात ‘मे-फ्लाय’ या कीटकांच्या गणाचं नाव ‘एफेमेरॉप्टेरा’ आहे. त्यांची पिल्लं पाण्यात अनेक महिने, काही जातींत वर्षाहूनही जास्त काळ वाढतात. पंख फुटल्यावर मात्र त्यांना खाता येत नाही, कारण तोंडाचे अवयव निकामी झालेले असतात. जोडीदार शोधायचा, अंडी घालायची, एवढंच काम उरतं.

कवींनी या शब्दातून आणखी काही काढलं.

इसवी सनपूर्व 446 मध्ये डेल्फीच्या क्रीडास्पर्धेत एजिना बेटाचा ॲरिस्टोमेनिस कुस्ती जिंकला. त्याच्या गौरवासाठी पिंडार या कवीने गीत रचलं. विजयगीत म्हणजे खरं तर आनंदाचा प्रसंग. पण पिंडार हरलेल्या चार मल्लांकडेही वळतो. ते गल्लीबोळांतून लपतछपत घरी जातात, त्यांना पाहून आईच्या चेहऱ्यावर हसू फुलत नाही. आणि गीताच्या शेवटाकडे तो सगळ्याच माणसांना ‘एफेमेरोस’ म्हणतो.

याचा अर्थ माणसं लवकर मरतात, एवढाच का? जर्मनीत जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत शिकवणारे हेर्मान फ्रँकेल यांनी 1946 मध्ये वेगळं उत्तर दिलं. त्यांच्या मते जुन्या ग्रीक काव्यात या शब्दाचा रोख आयुष्याच्या लांबीवर नाही. उगवणारा दिवस जे आणील त्याच्या स्वाधीन असलेला, त्याप्रमाणे बदलणारा, तो ‘एफेमेरोस’. ‘ओडिसी’त भिकाऱ्याच्या वेशातला ओडिसियस हाच विचार मांडतो: देव जसा दिवस दाखवतो तसं माणसाचं मन होतं.

फ्रँकेल यांचं म्हणणं सर्वांनी मान्य केलं नाही. ‘अल्पजीवी’ हा अर्थही जुना आहे, असा आक्षेप पुढे घेतला गेला. पिंडारच्या गीतात मात्र दोन्ही अर्थ बसतात. तिथे कुणी मरत नाही. एक मल्ल जिंकतो, चौघे हरतात, आणि उद्या हा डाव उलटू शकतो. शिवाय ज्या एजिनासाठी हे गीत होतं, ते बेट दहाएक वर्षांपूर्वीच अथेन्सपुढे नमलं होतं. ऐकणाऱ्यांना पालटलेले दिवस समजावून सांगावे लागत नव्हते. कवीला एकाच विशेषणात विजयाचं तेज आणि त्याचा बेभरवसा दोन्ही धरता आले, आणि विजेत्याचा अपमानही झाला नाही.