न मिळालेल्या सेवेचे पैसे: चार्जबॅकचे निवेदन कसे लिहावे

कार्डाने पैसे भरले आणि व्यापाऱ्याने ठरलेली सेवा दिलीच नाही, तर कार्ड देणाऱ्या बँकेमार्फत ती रक्कम परत मागता येते. या प्रक्रियेला चार्जबॅक म्हणतात. ग्राहक आपल्या बँकेकडे वाद नोंदवतो. बँक तो व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांपैकी संबंधित कार्ड नेटवर्कच्या नियमांनुसार व्यापाऱ्याच्या बँकेकडे पाठवते आणि ती बँक व्यापाऱ्याकडून उत्तर मागवते. या प्रवासात ग्राहकाला सहसा कोणी समोर बोलावत नाही. दोन्ही बँकांतले कर्मचारी त्याने भरलेला डिस्प्यूट फॉर्म, सोबतची कागदपत्रे आणि घटनाक्रम सांगणारे निवेदन एवढेच पाहतात. म्हणून या निवेदनाला वजन असते.

निवेदनाचे पहिले काम तक्रार योग्य प्रकारात बसवणे हे असते. नेटवर्कच्या नियमांत प्रत्येक प्रकाराला कारण-क्रमांक दिलेला आहे. व्हिसाच्या नियमांत ‘वस्तू किंवा सेवा मिळाली नाही’ हे कारण १३.१ या क्रमांकाखाली येते. सेवा मिळाली पण वर्णनाप्रमाणे नव्हती, याचा क्रमांक १३.३ आहे. ग्राहकाने सेवा रद्द केली, तर १३.७ लागू होतो. प्रत्येक कारणाला वेगळा पुरावा लागतो, त्यामुळे एका चुकीच्या वाक्याने प्रकरण दुसऱ्याच प्रकारात जाऊ शकते. ‘आता हा क्लास नको आहे’ असे लिहिले की ते ग्राहकाने केलेले रद्दीकरण ठरते आणि व्यापारी ‘फी परत मिळणार नाही’ ही पावतीवरची अट पुढे करतो. ‘ठरलेल्या तारखेला क्लास सुरूच झाला नाही’ असे लिहिले, तर त्या अटीचा आधार फारसा उरत नाही, कारण सेवा मुळात दिलेलीच नसते.

‘फसवणूक’ हा शब्दही जपून वापरावा लागतो. बँकेच्या भाषेत कार्डाची फसवणूक म्हणजे कार्डधारकाच्या संमतीविना झालेला व्यवहार. असा दावा आला की बँक कार्ड बंद करते आणि व्यवहार कोणी केला हे तपासते. ओटीपी टाकून स्वतः पैसे भरलेल्या ग्राहकाचा दावा तिथेच कोसळतो. सेवा न मिळाल्याच्या वादात व्यवहार आपणच केला हे पहिल्याच वाक्यात मान्य केलेले चांगले.

पुढचा मजकूर एका नमुना प्रकरणातून स्पष्ट होईल. पुण्यातल्या एका ग्राहकाने जर्मन भाषेच्या ऑनलाइन क्लाससाठी क्रेडिट कार्डाने ३६,००० रुपये भरले. एकूण ४८ तासिका होत्या. पहिली तासिका ३ फेब्रुवारीला होणार होती, पण बॅच सुरू झाली नाही. त्याने बँकेला दिलेले निवेदन असे असू शकते:

‘५ जानेवारी २०२५ रोजी मी माझ्या क्रेडिट कार्डाने या क्लासला ३६,००० रुपये भरले. व्यवहार मीच केला आहे. पावतीनुसार ४८ ऑनलाइन तासिका ३ फेब्रुवारीपासून सुरू होणार होत्या (कागद १). त्या दिवशी वर्गाची लिंक आली नाही. १० फेब्रुवारीला मी ईमेलने विचारणा केली (कागद २). १४ फेब्रुवारीला क्लासने शिक्षक उपलब्ध नसल्याचे कळवून ३ मार्च ही नवी तारीख दिली (कागद ३). ३ मार्चलाही वर्ग झाला नाही. ५ मार्चला मी सेवा न मिळाल्यामुळे पूर्ण रक्कम सात दिवसांत परत करण्याची मागणी केली (कागद ४). १५ मार्चपर्यंत उत्तर आले नाही. ४८ पैकी एकही तासिका झालेली नाही आणि कोणताही रिफंड मिळालेला नाही. म्हणून ३६,००० रुपयांचा वाद नोंदवत आहे.’

या निवेदनात पाच गोष्टी क्रमाने आल्या आहेत: काय ठरले होते, कधी मिळणार होते, काय मिळाले नाही, व्यापाऱ्याकडे दाद कशी मागितली आणि किती रक्कम हवी आहे. प्रत्येक महत्त्वाच्या विधानासमोर कागदाचा क्रमांक असल्यामुळे वाचणाऱ्याला पुरावा शोधावा लागत नाही. झालेला मनस्ताप, बुडालेली रजा किंवा इंटरनेटवरचे इतरांचे वाईट अनुभव त्यात नाहीत. चार्जबॅकमधून व्यवहाराची रक्कम परत मिळू शकते, नुकसानभरपाई मिळत नाही. तिच्यासाठी ग्राहक आयोगाचा मार्ग वेगळा आहे.

सर्वांत दुबळा दुवा बहुधा ठरलेल्या तारखेचा असतो. सेवा कधी मिळणार हे कुठेच लिहिलेले नसेल, तर व्यापारी ‘अजून देणार आहोत’ असे म्हणू शकतो. पावतीवर तारीख नसेल, तर जाहिरात, व्हॉट्सअ‍ॅपवरचा संवाद किंवा वेळापत्रक जोडावे. यांपैकी काहीच नसेल, तर ईमेलने तारीख विचारून लेखी उत्तर मिळवावे. केवळ फोनवर झालेले बोलणे सिद्ध करता येत नाही, म्हणून फोननंतर त्याच दिवशी ‘आपण फोनवर असे सांगितले’ असा ईमेल पाठवून ठेवावा. व्यापाऱ्याचे दुकान बंद असेल किंवा ईमेल परत येत असेल, तर तसे लिहून परत आलेला संदेश जोडावा.

काही सेवा मिळाली असेल, तर ती लपवू नये. वरच्या प्रकरणात ८ तासिका होऊन वर्ग बंद पडला असता, तर एका तासिकेचे ७५० रुपये धरून उरलेल्या ४० तासिकांचे ३०,००० रुपये मागावे लागले असते. पूर्ण ३६,००० मागितले, तर व्यापारी त्या ८ तासिकांची हजेरी दाखवतो आणि बाकीच्या खऱ्या दाव्यावरही संशय येतो.

मुदतीकडे लक्ष हवे. व्हिसाच्या नियमांत या कारणासाठी साधारण १२० दिवस असतात. सेवा पुढच्या तारखेला मिळणार असेल, तर ते अपेक्षित तारखेपासून मोजले जातात; मात्र व्यवहारापासून ५४० दिवसांची कमाल मर्यादा असते. ३ फेब्रुवारीपासून मोजल्यास ही मुदत ३ जूनला संपते. बँकेलाही कागद तपासायला वेळ लागतो, म्हणून व्यापाऱ्याच्या ‘पुढच्या महिन्यात नक्की’ या आश्वासनांवर मुदत घालवू नये. दरम्यान व्यापाऱ्याने रिफंड दिला, तर तो बँकेला लगेच कळवावा. एकाच रकमेसाठी दोन्हीकडून पैसे घेता येत नाहीत.

वाद नोंदवल्यावर बँक काही वेळा रक्कम तात्पुरती जमा करते. ते अंतिम यश नसते, कारण व्यापाऱ्याने उत्तर दिले तर ती रक्कम पुन्हा वळती होऊ शकते. व्यापाऱ्याचे उत्तर बँकेने पाठवले, की संपूर्ण कहाणी पुन्हा न सांगता त्यातल्या मुद्द्यालाच उत्तर द्यावे. समजा, क्लासने विद्यार्थ्याला खाते उघडून दिल्याचा स्क्रीनशॉट पाठवला. त्यावर ‘खाते उघडले होते, पण त्यात एकही वर्ग घेतला गेला नाही, वेळापत्रकाचे पान सोबत आहे’ एवढे पुरते. बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर असमाधानकारक वाटले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या पोर्टलवर तक्रार करता येते. लोकपाल बँकेच्या सेवेतील त्रुटी तपासतो. तिथेही मूळ निवेदन, त्याचे कागद आणि बँकेशी झालेला पत्रव्यवहार तारखेनुसार जोडावा लागतो.