भुंकणारा खोकला आणि एकच डोस

समजा, वीस महिन्यांचा मुलगा रात्री दीड वाजता दचकून उठतो. संध्याकाळी नाक थोडं वाहत होतं, एवढंच. आता मात्र कुत्र्याच्या पिल्लानं भुंकावं तसा कोरडा, टणक खोकला येतोय आणि आवाज बसलाय. रडताना श्वास आत ओढला की घशातून कर्कश आवाज निघतो. आजीला वाटतं डांग्या खोकला, बाबांना वाटतं दमा. डॉक्टर सांगतात, हा क्रूप आहे, आणि स्टेरॉइडचा एक डोस तोंडानं द्यायला काढतात. साहजिकच आजी विचारते, "डॉक्टर, एवढ्याशा लेकराला स्टेरॉइड?"

उत्तर घशाच्या रचनेत आहे. क्रूपमध्ये विषाणूमुळे, बहुतेक वेळा पॅराइन्फ्लुएन्झामुळे, स्वरयंत्र आणि त्याच्या खालचा श्वासनलिकेचा भाग सुजतो. तिथं कूर्चेचं एक पूर्ण बंद कडं असतं. बाहेरच्या बाजूला फुगायला जागा नसल्यानं सूज आतच येते. या वयात ही वाट 5 मिलिमीटर रुंद धरली आणि आतून सगळीकडे 1 मिलिमीटर सूज आली, तर उरते 3 मिलिमीटर. हवेला जायची जागा मात्र जवळपास एक तृतीयांशावर येते. मोठ्या माणसाला एवढ्या सुजेनं फक्त आवाज बसल्यासारखा वाटेल. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला श्वासासाठी झगडावं लागतं.

स्टेरॉइड विषाणूला मारत नाही, ही सूज उतरवतं. यासाठी डेक्सामेथासोन जास्त पसंत केलं जातं, कारण त्याचा परिणाम शरीरात दीड ते दोन-तीन दिवस टिकतो. क्रूपचा जोरही साधारण दोन रात्रींचाच असतो. म्हणून बहुतेक मुलांना एक डोस पुरतो, आणि महिनोन्‌महिने स्टेरॉइड घेतल्यानं होणारे दुष्परिणाम या एका डोसानं होत नाहीत. कॅनडात सौम्य क्रूप असलेल्या 720 मुलांवर झालेल्या आणि 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आठवड्याभरात पुन्हा डॉक्टरकडे न्यावं लागण्याचं प्रमाण बिनऔषधी डोस मिळालेल्यांत 15.3 टक्के होतं, तर डेक्सामेथासोन मिळालेल्यांत 7.3 टक्के.

आता डोसाचा हिशेब. तो वयावर नाही, वजनावर होतो. वीस महिन्यांचं एक मूल 9 किलोचं असतं, तर दुसरं 13 किलोचं. म्हणून मुलाला त्याच वेळी काट्यावर ठेवावं, मागच्या लसीच्या वेळचं वजन धरू नये. आपला हा मुलगा 11 किलोचा निघाला असं धरू.

डेक्सामेथासोनचे दोन डोस प्रचलित आहेत. जुना आणि अजूनही अनेक ठिकाणी वापरला जाणारा डोस किलोमागे 0.6 मिलिग्रॅम, म्हणजे या मुलाला 6.6 मिलिग्रॅम. दुसरा, ब्रिटनमध्ये रूढ असलेला, किलोमागे 0.15 मिलिग्रॅम, म्हणजे 1.65 मिलिग्रॅम. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ भागात 1252 मुलांवर हे दोन डोस आणि किलोमागे 1 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन अशी तुलना झाली. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात लहान डोस आणि प्रेडनिसोलोन मोठ्या डोसाच्या तोडीस उतरले. म्हणून दोन डॉक्टरांनी वेगवेगळे आकडे लिहिले तर त्यांतला एक चुकला असं समजायचं कारण नाही.

खरी चूक होते ती मिलिग्रॅम आणि मिलिलिटर यांच्या गोंधळात. डेक्सामेथासोनच्या गोळ्या 0.5 मिलिग्रॅमच्या मिळतात. लहान डोस द्यायचा तर तीन गोळ्या, म्हणजे 1.5 मिलिग्रॅम, बारीक करून चमचाभर साखरपाण्यात देता येतात. मोठ्या डोसासाठी दवाखान्यात बऱ्याचदा 4 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचं इंजेक्शनचं औषधच गोड सिरपात मिसळून तोंडानं पाजतात. त्यात 6.6 मिलिग्रॅम म्हणजे किती? 1.65 मिलिलिटर. आणि लहान डोस किती होता? 1.65 मिलिग्रॅम. आकडा एकच, एकक वेगळं, औषध चौपट. क्रूपमध्ये दोन्ही डोस चालणारे असल्यानं ही गफलत निभावून जाते, पण दुसऱ्या औषधात तीच महागात पडेल. म्हणून औषध घेताना दोन गोष्टी विचाराव्यात: मिलिग्रॅम किती, आणि या बाटलीतून मिलिलिटर किती. घरात पडलेल्या दुसऱ्या स्टेरॉइडच्या थेंबांवरून अंदाजानं डोस काढू नये. दोन औषधांची ताकद सारखी नसते.

डोस पोटात गेला तरी सूज लगेच उतरत नाही. फरक अर्ध्या तासापासून दिसू लागतो आणि पुढच्या काही तासांत वाढत जातो. औषध दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर डॉक्टरांना विचारावं, डोस पुन्हा द्यावा लागू शकतो. मूल फार धापा टाकत असेल तर दवाखान्यात वाफाऱ्याच्या यंत्रातून अॅड्रिनालिन देतात. त्यानं काही मिनिटांत मोकळं वाटतं, पण त्याचा असर सुमारे दोन तासांत ओसरतो. म्हणूनच "आता बरा दिसतोय" असं वाटलं तरी दोन ते चार तास थांबवून ठेवतात. तोवर स्टेरॉइडचं काम सुरू झालेलं असतं.

घरी आल्यावर मुलाला मांडीवर उभं धरावं, शांत ठेवावं. रडण्यानं श्वास जोरात ओढला जातो आणि सुजलेली वाट आणखी आवळते. चमचा घालून घसा बघू नये. गरम पाण्याची वाफ क्रूपमध्ये फायद्याची ठरलेली नाही, भाजण्याची भीती मात्र खरी. दुसऱ्या रात्री खोकला पुन्हा वाढू शकतो, आणि तो पूर्ण जायला आठवडा लागू शकतो. एखादा दिवस मूल चिडचिडं होईल, नीट झोपणार नाही.

खोकल्याच्या आवाजापेक्षा श्वासाकडे पाहावं. मूल शांत बसलेलं असतानाही श्वास आत घेताना कर्कश आवाज येतो का? बरगड्यांमधली कातडी आत खेचली जाते का? दोन्हींपैकी एकाचंही उत्तर हो असेल तर लगेच निघावं. आवाज अचानक कमी झाला पण मूल मलूल, निळसर किंवा अर्धवट झोपेत असेल, तर ती सुधारणा नाही. ते थकलं आहे. लाळ गळणं, गिळता न येणं, खूप ताप ही क्रूपची लक्षणं नाहीत, वेगळ्या आणि गंभीर आजाराची आहेत. शेंगदाणा खाता खाता एकदम ठसका लागला असेल तर तो श्वासनलिकेत अडकल्याची शक्यता धरावी. लसीकरण राहिलं असेल तर घटसर्पाचीही. मूल नुकतंच कांजिण्या झालेल्या कुणाजवळ गेलं असेल, तर स्टेरॉइड देण्याआधीच तेही सांगावं.

आजीच्या प्रश्नाचं उत्तर डॉक्टर थोडक्यात देतील: "एकदाच द्यायचं, मोजून द्यायचं." आणि पुढच्या वेळी असाच खोकला आला तर? मुलगा तेव्हा 11 किलोचा राहिलेला नसेल. या वेळची चिठ्ठी तेव्हा कामाची नाही. पुन्हा काट्यावर ठेवायचं, पुन्हा हिशेब करायचा.