रुग्ण वाढत होते, मग आलेखात उतार का दिसतो? रंगीत थरांच्या चार्टमधली गफलत

एकावर एक रचलेले रंगीत थर, डावीकडून उजवीकडे वाहत जाणारे. कोरोनाच्या लाटा असोत, वीजनिर्मिती असो की पक्षांना मिळालेली मतं, असे आलेख सोशल मीडियावर सतत शेअर होतात. याला 'स्टॅक्ड एरिया चार्ट' म्हणतात. दिसायला तो सोपा वाटतो, पण त्यातले मधले थर वाचताना हमखास चूक होते.

ती कशी होते, हे कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतल्या दोन राज्यांच्या आकड्यांवरून पाहूया.

नेमकं काय होतं?

३० एप्रिल २०२१ रोजी महाराष्ट्रात सुमारे ६२,९०० नवे रुग्ण आढळले, तर केरळमध्ये सुमारे ३७,२००. १२ मे रोजी महाराष्ट्राचा आकडा ४६,८०० पर्यंत उतरला होता. केरळचा मात्र ४३,५०० वर गेला होता. म्हणजे महाराष्ट्रात लाट ओसरत होती आणि केरळमध्ये ती अजून चढत होती.

आता हेच आकडे थरांच्या आलेखात मांडा. सगळ्यात खाली महाराष्ट्र, त्याच्यावर केरळ आणि त्यावर बाकीची राज्यं. केरळचा थर शून्यापासून सुरू होत नाही. महाराष्ट्राचा थर जिथे संपतो, तिथून तो सुरू होतो. त्यामुळे ३० एप्रिलला केरळच्या थराची वरची कड १,००,१०० वर असते (६२,९०० + ३७,२००) आणि १२ मे रोजी ती ९०,३०० वर येते (४६,८०० + ४३,५००).

केरळमधले रुग्ण ६,३०० ने वाढले, पण त्याच्या थराची कड ९,८०० ने खाली आली. आलेखावरून नजर फिरवणाऱ्याला वाटेल की केरळमध्येही लाट ओसरतेय. प्रत्यक्षात केरळने ८ मेपासून लॉकडाऊन लावला होता.

डोळे का फसतात?

मधल्या थराचा आकडा म्हणजे त्याची उभी जाडी, त्याची उंची नव्हे. पण आपली नजर जाडी मोजत नाही, ती वरच्या कडेबरोबर चालत जाते. खालचा थर घसरला की वरचे सगळे थर त्याच्यासोबत घसरतात आणि ती घसरण त्यांची स्वतःची वाटते.

जाडी मोजायची ठरवली तरी अडचण संपत नाही. थर तिरका असेल तर डोळे दोन कडांमधलं सर्वांत कमी अंतर पकडतात, म्हणजे तिरकं अंतर. त्यामुळे चढ-उताराच्या जागी थर असतो त्यापेक्षा बारीक दिसतो.

विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये प्रयोगांतून दाखवलं होतं की, एकाच पट्टीवर मांडलेल्या बिंदूंची तुलना माणसं सर्वांत अचूक करतात. वेगवेगळ्या जागेवरून सुरू होणाऱ्या लांबींची तुलना करताना जास्त चुकतात. मधल्या थरांना अशी समान पट्टी मिळतच नाही. ती फक्त दोघांना मिळते: सगळ्यात खालच्या थराला आणि सगळ्यांच्या एकूण बेरजेला.

असा चार्ट समोर आला तर?

मधल्या थरात चढ किंवा उतार दिसला की आधी त्याची खालची कड पाहा. तिथेही तसाच चढ-उतार असेल, तर तो बहुधा खालच्या थराकडून आलेला आहे. मग दोन तारखा निवडा आणि दोन्ही ठिकाणी थराची उभी जाडी मोजा. वरच्या कडेच्या आकड्यातून खालच्या कडेचा आकडा वजा केला की खरी संख्या मिळते.

त्याऐवजी काय वापरावं?

थर चार-पाचच असतील तर साधा रेषांचा आलेख पुरेसा आहे. प्रत्येक रेषा शून्यापासून मोजली जाते, त्यामुळे महाराष्ट्र उतरताना आणि केरळ चढताना स्पष्ट दिसतो.

राज्यं दहा-पंधरा असतील तर रेषांचा गुंता होतो. अशा वेळी प्रत्येक राज्याचा छोटा वेगळा आलेख करून ते शेजारी-शेजारी मांडावेत. मात्र सगळ्यांची उभी पट्टी एकच हवी, नाहीतर लहान राज्याची लाटही मोठ्या राज्याएवढी दिसेल.

या दोन्ही प्रकारांत एक गोष्ट हरवते, ती म्हणजे एकूण बेरीज. ती हवी असेल तर तिची वेगळी रेषा किंवा वेगळा आलेख द्यावा.

टक्केवारीचा, म्हणजे शंभरपर्यंत भरलेला थरांचा चार्ट केला तरी प्रश्न सुटत नाही. त्यात वरच्या थराला शंभरच्या रेषेचा आधार मिळतो, पण मधले थर तसेच अधांतरी राहतात.

मग थरांचा चार्ट वापरूच नये का? एकूण किती वाढ झाली हेच सांगायचं असेल, तर तो चालतो. फक्त ज्या थराबद्दल बोलायचं आहे, तो सगळ्यात खाली ठेवावा. वरच्या उदाहरणात केरळ खाली असता, तर त्याची चढती लाट कुणाच्याही नजरेतून सुटली नसती.