एका कंपनीवर की पाचशेंवर?

२ फेब्रुवारी २०२२. अमेरिकेत बाजार बंद झाला तेव्हा फेसबुकची पालक कंपनी ‘मेटा’चा शेअर ३२३ डॉलरवर होता. त्या संध्याकाळी निकाल लागले आणि दुसऱ्या दिवशी तो २३७.७६ वर बंद झाला. आदल्या दिवशी ३०० डॉलरचा पुट विकलेल्याचा विचार करा. तेवीस डॉलरचं अंतर त्याला भरपूर वाटलं असेल. पण एक करार १०० शेअरचा असतो, म्हणजे करारामागे ६,२२४ डॉलर अंगावर आले. मिळालेला प्रीमियम तेवढा वजा. स्टॉपलॉस लावून उपयोग नव्हता, कारण भाव पडला तो बाजार बंद असताना. त्याच दिवशी एस अँड पी ५०० निर्देशांक सुमारे अडीच टक्केच उतरला.

या निर्देशांकावर चालणारा SPY हा फंड १९९३पासून आहे. त्याच्या ऑप्शनमध्ये एका कंपनीचा धक्का पाचशेंत विरतो. सगळाच बाजार कोसळला तर मात्र विरायला जागा नसते. १६ मार्च २०२० रोजी हाच निर्देशांक एका दिवसात १२ टक्के घसरला होता.

फंडाचा दुसरा फायदा उलाढालीचा. SPY च्या चालत्या ऑप्शनमध्ये घेणाऱ्या-विकणाऱ्यांच्या भावात बहुधा एखाद्या सेंटचाच फरक असतो. मधल्या आकाराच्या कंपनीत तोच २.१० आणि २.६० असा दिसू शकतो. घेऊन लगेच विकलं तरी करारामागे ५० डॉलर गेले. तिथे बाजारभावाने ऑर्डर टाकणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी. मधला भाव लावून थांबावं.

पण फंडातही एक खड्डा आहे, तो लाभांशाचा. तेव्हा मेटा लाभांश देत नव्हती. SPY दर तिमाहीला देतो. मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबरच्या तिसऱ्या शुक्रवारी साधारणपणे तो भावातून वजा होतो. समजा फंड ६०० वर आहे, लाभांश १.७५ डॉलर, आणि तुम्ही ५७० चा कॉल विकलाय. कॉल धरून ठेवणाऱ्याला लाभांश मिळत नाही, म्हणून तो गुरुवारीच कॉल बजावून शेअर मागतो. शुक्रवारी सकाळी तुमच्या खात्यात १०० शेअरची उधारी असते, वर १७५ डॉलर लाभांश तुमच्या खिशातून. याचा अंदाज आधी घेता येतो. त्याच ५७० चा, त्याच मुदतीचा पुट किती आहे ते बघावं. तो लाभांशापेक्षा बराच स्वस्त, समजा दहा सेंटला असेल, तर गुरुवारी बाजार बंद होण्याआधी कॉल परत घेऊन मोकळं व्हावं.

आपल्याकडे निफ्टीचे ऑप्शन फंडावर नाहीत, थेट निर्देशांकावर आहेत आणि ते मुदतीआधी बजावता येत नाहीत; त्यामुळे असा गुरुवार इथे येत नाही. एकेका कंपनीच्या ऑप्शनचा हिशेब मात्र मुदतीअखेर प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन होतो. दोन-चार हजारांत घेतलेला कॉल शेवटच्या दिवशी विकायचा राहिला आणि तो फायद्यात असला, तर सगळ्या लॉटच्या शेअरचे काही लाख खात्यात लागतात.