परदेशातून कायमचे परतलात? मग एनआरई एफडीचं व्याज करमुक्त राहतं का?

परदेशात राहणाऱ्या बहुतेक मराठी कुटुंबांकडे भारतातल्या बँकेत एक एनआरई खातं असतं. तिकडची कमाई इथे पाठवायची, रुपयांत एफडी करायची आणि त्या व्याजावर इथे एक रुपयाही कर भरायचा नाही, अशी ही सोय आहे. पण कुटुंब कायमचं परत आल्यावर या एफडीचं काय होतं?

अनेकांना वाटतं, "परत आल्यावरही दोन-तीन वर्षं करात सवलत मिळते, त्यामुळे घाई नाही." सवलत मिळते हे खरं आहे, पण ती एनआरई एफडीला लागू होत नाही. हा गोंधळ का होतो आणि तो किती महागात पडू शकतो, ते एका उदाहरणातून पाहू.

दोन कायदे, दोन घड्याळं

तुम्ही 'अनिवासी' आहात की नाही, हे भारतात दोन वेगवेगळे कायदे ठरवतात.

पहिला आयकर कायदा. तो दिवस मोजतो. त्या आर्थिक वर्षात तुम्ही भारतात किती दिवस राहिलात आणि आधीच्या काही वर्षांत किती राहिलात, यावर तुमचा दर्जा ठरतो.

दुसरा फेमा, म्हणजे परकीय चलनाविषयीचा कायदा. बँक खात्यांचे नियम याच्याखाली येतात. इथे महत्त्वाचा असतो तो हेतू. नोकरीसाठी, व्यवसायासाठी किंवा कायमचं राहायला तुम्ही परतलात, की एनआरई खातं लगेच निवासी खात्यात बदलून घ्यावं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यासाठी वर्ष संपण्याची वाट पाहायची नसते.

म्हणजे एकच माणूस काही काळ आयकरासाठी अनिवासी आणि बँकेसाठी निवासी असू शकतो. खरी मेख इथेच आहे.

एका कुटुंबाचं उदाहरण

समजा, साताऱ्याचं एक जोडपं जुलै 2014 मध्ये नोकरीसाठी सिंगापूरला गेलं. दरवर्षी साधारण महिनाभर ते सुट्टीला गावी यायचे. 15 जानेवारी 2026 ला ते मुलीसह कायमचे पुण्यात परतले. नवऱ्याच्या नावावर 50 लाखांची एनआरई एफडी आहे, व्याजदर 7 टक्के, मुदत जानेवारी 2028 पर्यंत. शिवाय 40 हजार डॉलरची एफसीएनआर ठेव आहे. एफसीएनआर म्हणजे भारतीय बँकेतच, पण परकीय चलनात ठेवलेली मुदत ठेव.

आधी आयकराचं घड्याळ पाहू. 15 जानेवारी ते 31 मार्च 2026 हे 76 दिवस होतात. त्याच वर्षात दिवाळीला आले होते ते 20 दिवस धरले, तर एकूण 96. हा आकडा 182 पेक्षा कमी आहे आणि आधीच्या चार वर्षांतला मुक्काम मिळून 365 दिवसही भरत नाही. त्यामुळे 2025-26 या वर्षासाठी ते आयकराच्या दृष्टीने अनिवासीच राहतात.

2026-27 मध्ये ते निवासी होतात. पण आधीच्या 10 पैकी किमान 9 वर्षं अनिवासी असलेल्याला कायदा एक मधला दर्जा देतो, त्याला आरएनओआर म्हणतात. या काळात परदेशात मिळणाऱ्या व्याजासारख्या उत्पन्नावर भारतात कर लागत नाही. आपल्या कुटुंबाला हा दर्जा 2026-27 आणि 2027-28 अशी दोन वर्षं मिळतो. 1 एप्रिल 2028 पासून ते सर्वसाधारण निवासी होतात आणि जगभरातलं उत्पन्न इथे करपात्र होतं.

आता बँकेचं घड्याळ. ते 15 जानेवारी 2026 लाच बदललं.

मग कोणत्या व्याजावर कर लागणार?

एनआरई व्याजावरची करमाफी फेमानुसार भारताबाहेर राहणाऱ्या व्यक्तीसाठी आहे. त्यामुळे ती 15 जानेवारीलाच थांबते. आरएनओआर दर्जा तिला वाचवू शकत नाही.

50 लाखांवर 7 टक्क्यांनी वर्षाचं व्याज 3.5 लाख होतं. पुण्यातल्या नोकरीमुळे नवरा 30 टक्क्यांच्या टप्प्यात गेला, तर सेससह दरवर्षी सुमारे 1 लाख 9 हजार रुपये कर होतो. एफडी मुदतीपर्यंत ठरलेल्या दराने चालू ठेवता येते, पण ती आता निवासी ठेव असते आणि व्याज करपात्र असतं.

एफसीएनआरचं मात्र उलट आहे. ही ठेवही मुदत संपेपर्यंत ठरलेल्या दराने चालू राहते. पण तिच्या व्याजाची करमाफी आयकराच्या दर्जाशी जोडलेली आहे, म्हणून आरएनओआर असेपर्यंत, म्हणजे 31 मार्च 2028 पर्यंत, ते व्याज करमुक्त राहतं. मुदत संपल्यावर पैसे डॉलरमध्येच ठेवायचे असतील, तर परतलेल्या भारतीयांसाठी असलेल्या आरएफसी खात्यात वळवता येतात. आरएनओआर काळात तिथल्या व्याजालाही हीच सवलत आहे.

सगळा पैसा एफसीएनआरमध्ये टाकायचा का?

एफसीएनआर ठेव अनिवासी असतानाच उघडता येते. म्हणून हा निर्णय विमानात बसण्याआधीचा आहे. ठेव एक ते पाच वर्षांसाठीच असते. डॉलरवरचा व्याजदर रुपयापेक्षा बहुतेक वेळा कमी असतो आणि पुढे रुपयांत बदलताना विनिमय दर काय असेल ते कुणाच्या हातात नसतं. पहिल्या वर्षात घराचं डिपॉझिट, शाळेची फी, गाडी असे खर्च रुपयांतच येतात. तेवढी रक्कम रुपयांत हवीच.

चूक झाली हे कसं ओळखायचं?

ही चूक आपोआप लक्षात येत नाही. तुम्ही कळवलं नाही, तर बँक खातं एनआरईच धरते, व्याजावर टीडीएस कापत नाही आणि सगळं सुरळीत वाटतं. परत आल्यानंतरही खात्यावर 'NRE' असं दिसत असेल आणि व्याजावर शून्य टीडीएस असेल, तर तो दिलासा नाही, इशारा आहे. न दाखवलेल्या व्याजावर पुढे कर आणि त्यावर व्याज भरावं लागू शकतं. फेमाच्या उल्लंघनासाठी रकमेच्या तिपटीपर्यंत दंडाची तरतूद कायद्यात आहे.

असं झालं असेल, तर परतीची तारीख सांगून बँकेकडून खातं बदलून घ्या, त्या तारखेनंतरचं व्याज वेगळं काढून मागा आणि ते विवरणपत्रात दाखवा. एनआरओ खातं, म्युच्युअल फंडाचं केवायसी आणि डीमॅट खातं यांतही दर्जा बदलावा लागतो.

सिंगापूरच्या खात्याचं काय?

ते बंद करायची सक्ती नाही. परदेशात राहत असताना कमावलेली मालमत्ता परतल्यावरही तिथे ठेवता येते. पण आपल्या उदाहरणातल्या कुटुंबाला 2028-29 पासून त्या खात्याचं व्याज इथे करपात्र होईल आणि विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ते खातं दाखवावं लागेल. हा तक्ता आर्थिक वर्षाने नाही, तर जानेवारी ते डिसेंबर अशा कॅलेंडर वर्षाने भरायचा असतो.

म्हणून परतताना दोन तारखा लिहून ठेवा: कायमचे भारतात उतरलात ती आणि आरएनओआर दर्जा संपतो ती. एनआरईचा हिशेब पहिल्या तारखेला बदलतो, एफसीएनआर आणि परदेशातल्या खात्याचा दुसऱ्या.