राहिलेली गोळी आणि फसवा आठवडा

बीपीची गोळी रोज सकाळी आठला घ्यायची ठरलेली आहे आणि आज ती राहिल्याचं दुपारी तीनला ध्यानात आलं, तर तेव्हाच घ्यावी. उद्याची गोळी पुन्हा सकाळी आठलाच. पण रात्री अकराला आठवलं, तर आजची गोळी सोडून द्यावी आणि उद्या सकाळी नेहमीची एकच घ्यावी. दिवसातून एकदा घ्यायच्या बहुतेक गोळ्यांना बारा तासांचा हिशोब लावता येतो: ठरलेल्या वेळेपासून बारा तास व्हायच्या आत आठवलं तर घ्यायची, त्यानंतर आठवलं तर पुढच्या वेळेची वाट पाहायची. दिवसातून दोनदा घ्यायची गोळी असेल तर बाराच्या जागी सहा तास धरावेत.

कालची आणि आजची अशा दोन गोळ्या मात्र एकदम घ्यायच्या नाहीत. राहिलेली भरून काढावी असं वाटणं साहजिक आहे, पण काल कमी पडलेलं औषध आज भरून निघत नाही. आजचा रक्तदाब तेवढा गरजेपेक्षा खाली जातो. वयस्कर माणूस रात्री बाथरूमला जायला उठतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि तो पडतो. कंबरेचं हाड मोडायला एवढं पुरतं.

लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढणाऱ्या गोळ्यांसाठी, म्हणजे क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइडसाठी, आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. सकाळची अशी गोळी संध्याकाळी घेतली तर रात्रभर उठबस होते. त्यामुळे दुपार टळून गेली असेल तर ती त्या दिवसापुरती सोडलेलीच बरी.

एखादी गोळी चुकली म्हणून घाबरून जाण्याचं कारण बहुधा नसतं. अमलोडिपिन ही आपल्याकडे फार वापरली जाणारी गोळी घेऊ. तिचं शरीरातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण ३० ते ५० तास लागतात. कित्येक आठवडे ती नियमित घेणाऱ्या माणसाची एक गोळी राहिली, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या पातळीच्या जवळजवळ दोन तृतीयांश औषध रक्तात असतंच. टेल्मिसार्टनचं प्रमाण निम्मं व्हायला सुमारे २४ तास लागतात. या औषधांचा संथपणा विसराळू माणसाला सांभाळून घेतो. पण गोळी कायमची बंद करणाऱ्याला हाच संथपणा फसवतो, आणि ते कसं घडतं हे नीट समजून घ्यायला हवं.

समजा, अठ्ठावन्न वर्षांच्या एक काकू आहेत. निदान झालं तेव्हा त्यांचा रक्तदाब होता १६४/१००. डॉक्टरांनी आधी अमलोडिपिन ५ मिलिग्रॅम दिली, महिन्याने टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम जोडली. तीन महिन्यांत रीडिंग १२६/७८ वर आलं. काकू खूश, घरचेही खूश. शेजारणीने सांगितलं, “नॉर्मल आलाय ना आता? मग कशाला रोज गोळ्या खायच्या? सवय लागते त्यांची.” काकूंनी सोमवारपासून दोन्ही गोळ्या बंद केल्या. पुण्यातल्या लेकाने मशीन घेऊन दिलेलं होतंच, त्यामुळे बीपी रोज मोजायचा असंही त्यांनी ठरवलं.

मंगळवारी १२४/७८. बुधवारी १२८/८०. काकू लेकाला फोनवर म्हणाल्या, “बघ, गोळीची गरजच नव्हती मला.” त्यांचं रीडिंग खरं होतं, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. बुधवारी सकाळी त्यांच्या रक्तात अमलोडिपिन अजून निम्म्याच्या आसपास होतं. काकूंना वाटत होतं की आपण बिनगोळीचा रक्तदाब मोजतोय, पण मशीन मोजत होतं उरलेल्या औषधाखालचा रक्तदाब. त्या गुरुवारी अमलोडिपिन तिसऱ्या हिश्श्याच्या खाली गेलं आणि आठवडा भरला तेव्हा विसाव्या हिश्श्यापर्यंत आलं. रीडिंग १३८ झालं, मग १४६. तोवर काकूंचा मोजण्याचा उत्साह ओसरला होता, कारण पहिले चार दिवस सगळं ठीकच तर होतं. दोन-तीन आठवड्यांनी त्यांचा रक्तदाब होता तिथे, १६० च्या घरात परतला. त्यांना ना डोकं दुखल्यासारखं वाटलं, ना चक्कर आली.

ही काकूंची गोष्ट नमुन्यादाखल रचलेली आहे, पण दवाखान्यात ती पुन्हापुन्हा घडते. पुष्कळ जण म्हणतात, “बीपी वाढला की मला कळतं.” बहुतेकांना काहीही कळत नाही. दुखतं, खुपतं तेव्हा माणूस आपण होऊन गोळी शोधतो. इथे शरीर गप्प राहतं आणि नुकसान चालू राहतं: मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या, मूत्रपिंडाच्या गाळण्या, डोळ्याचा पडदा आणि जास्त जोर लावून जाड होत जाणारा हृदयाचा स्नायू. म्हणून गोळी घेताना आलेलं १२६/७८ हे रीडिंग म्हणजे गोळी लागू पडल्याचा पुरावा आहे, आजार गेल्याचा नाही. वाढत्या वयाच्या बहुसंख्य रुग्णांमध्ये रक्तदाब वाढण्यामागे काढून टाकता येईल असं एकच कारण नसतं. रक्तवाहिन्यांचा ताठरपणा, मूत्रपिंडांची मीठ धरून ठेवण्याची वृत्ती आणि आनुवंशिकता ही सगळी तिथेच असतात. गोळी त्यांचा परिणाम रोज थोपवून धरते, पण त्यांना मुळापासून काढत नाही.

“सवय लागते” या भीतीबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. अमलोडिपिन किंवा टेल्मिसार्टन बंद केल्यावर रक्तदाब वाढतो, तो गोळीने लावलेल्या व्यसनामुळे नाही. तो मुळात होता तिथे परत जातो. चष्मा उतरवल्यावर अक्षरं धूसर दिसली, म्हणून चष्म्याची सवय लागली असा दोष आपण त्याला देत नाही.

याला अपवाद असलेल्या औषधांचा एक गट मात्र आहे, आणि तो प्रत्येकाने आपापल्या पाकिटावर शोधून ठेवावा. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, बिसोप्रोलॉल, नेबिव्होलॉल अशी ‘लॉल’ने संपणारी नावं बीटा ब्लॉकर औषधांची असतात. ती हृदयाचे ठोके आवरून धरतात. अचानक बंद केली तर आवरलेलं हृदय एकदम उसळतं, ठोके वाढतात, छातीत धडधडतं. ज्यांना आधीपासून हृदयविकार आहे त्यांना छातीत दुखू शकतं, हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. क्लोनिडीन हे औषध याहून कडक. ते थांबवल्यावर एक ते तीन दिवसांत रक्तदाब मूळ पातळीच्याही वर उडी मारू शकतो. अशा औषधांना चार दिवसांचा फसवा दिलासासुद्धा मिळत नाही. ती बंद करायचीच असतील तर डॉक्टर डोस पायरीपायरीने उतरवतात. क्लोनिडीन, प्राझोसिन किंवा बीटा ब्लॉकर काही दिवस सलग राहिलं असेल, तर पूर्ण डोसने आपणहून सुरू करण्याआधी डॉक्टरांना फोन करावा. प्राझोसिनचा तर सुरुवातीचा डोस नव्याने घेताना रक्तदाब एकदम कोसळून माणूस बेशुद्ध पडू शकतो.

आपल्याकडे गोळ्या कंपनीच्या नावाने ओळखल्या जातात आणि एकाच गोळीत दोन-तीन औषधंही असतात. म्हणून मोठ्या अक्षरांतलं नाव न पाहता पाकिटाच्या मागची बारीक छपाई वाचायची. डोळ्यांना जमत नसेल तर मेडिकलवाल्याला विचारावं, “यात ‘लॉल’ आहे का?” आणि उत्तर पाकिटावर पेनाने लिहून ठेवावं. पाकीट कापून नेताना ती छपाई राहील अशा बेताने कापायचं.

गोळी चुकण्यामागे विसरभोळेपणा नसतो अशाही वेळा असतात. सकाळी रक्त तपासायला उपाशीपोटी जायचं म्हणून लोक बीपीची गोळीही घेत नाहीत, आणि मग त्याच सकाळी दवाखान्यात रीडिंग वाढलेलं निघतं. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल, तर बीपीची गोळी घोटभर पाण्याबरोबर घेतली तरी चालते. मधुमेहाच्या गोळ्यांची गोष्ट निराळी, त्या जेवणाशी बांधलेल्या असतात. एकादशीला किंवा श्रावणी सोमवारीही पाण्याबरोबर बीपीची गोळी घ्यायला हरकत नाही. निर्जळी उपास करायचा असेल तर मात्र आधी विचारलेलं बरं. पाकीट संपलं आणि मेडिकल बंद, हे तर नेहमीचंच. सात गोळ्या उरल्या की नवं पाकीट आणायचं असं ठरवून टाकावं.

त्रास होतो म्हणून गोळी सोडणारेही कमी नाहीत. अमलोडिपिनने घोट्यांना सूज येते. रामिप्रिल, एनालाप्रिल यांनी कोरडा खोकला होतो. हे दोन्ही खरे दुष्परिणाम आहेत आणि दोन्हींवर पर्याय आहेत. गोळी बदलून किंवा डोस कमी करून काम होतं. जुलाब-उलट्या लागून अंगातलं पाणी कमी झालं असेल, तेव्हा टेल्मिसार्टन, रामिप्रिल किंवा लघवीच्या गोळ्या काही दिवस थांबवाव्या लागू शकतात, तेही डॉक्टरांना फोन करून. गर्भधारणा झाल्याचं कळलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं, कारण टेल्मिसार्टन आणि रामिप्रिल गरोदरपणात चालत नाहीत.

गोळी कमी होऊच शकत नाही असं नाही. वजन उतरलं, जेवणातलं मीठ खरोखर कमी झालं, दारू सुटली, नियमित चालणं सुरू झालं, तर काहींचा डोस उतरतो आणि थोड्यांची गोळी सुटतेही. वयाबरोबर रक्तदाब खाली येऊन उठताना चक्कर येऊ लागली, तरी डोस उतरवावा लागतो. फक्त ते करायची पद्धत काकूंनी केलं त्याच्या उलट असते. एका वेळी एकच औषध आणि तेही एकच पायरी. मग निदान तीन-चार आठवडे मोजमाप, म्हणजे उरलेल्या औषधाचा प्रभाव पूर्ण ओसरल्यानंतरचं. मोजायचं सकाळी, त्या दिवशीची गोळी घेण्याआधी. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर आणि दंड हृदयाच्या उंचीवर ठेवून. मिनिटभराच्या अंतराने दोन रीडिंग घेऊन दोन्ही वहीत लिहायची. गोळी घेण्याआधीच का, तर कालच्या गोळीने चोवीस तास धरून ठेवलं की नाही ते तेव्हाच दिसतं. घरच्या रीडिंगची सरासरी १३५/८५ च्या वर जाऊ लागली, तर उतरवलेली पायरी परत चढायची वेळ आली असं डॉक्टर सांगतील.

अशी वही ठेवणाऱ्याचं रीडिंग एखाद्या दिवशी १८०/१२० च्या वर गेलं, तर जास्तीची गोळी घ्यायची नाही आणि जिभेखाली काही ठेवायचंही नाही. पाच मिनिटं बसून पुन्हा मोजायचं. तेवढंच भरलं आणि बाकी काही त्रास नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलायचं. पण छातीत दुखतंय, धाप लागलीय, एका बाजूचा हात-पाय लुळा पडलाय, बोलणं अडखळतंय किंवा दिसायला कमी आलंय, यातलं एक जरी लक्षण असेल तर १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठायचं. जाताना गोळ्यांचं पाकीट बरोबर न्यायचं आणि शेवटची गोळी कधी घेतली होती ते तिथल्या डॉक्टरांना खरं सांगायचं, कारण उपचार कसा करायचा हे त्यावरही ठरतं.